स्थळाची पैसेवारी

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या इसमास निवृत्तीनंतर लोक दोनच निमित्तांनी स्मरतात : कुठे तरी अडकलेला फेरफार मोकळा करून घेण्यासाठी, आणि घरातील उपवर मुलामुलीचे परिचयपत्र ‘जरा बऱ्या भाषेत’ लिहवून घेण्यासाठी. पहिल्या कामी माझा आता कोणासही उपयोग नाही, कारण दफ्तरे संगणकात गेली आणि माझे वजन दफ्तरांबरोबरच गेले. दुसऱ्या कामाचा ओघ मात्र दिवाळी सरून तुळशीचे लग्न लागले की असा सुरू होतो, की चिखलीतील माझ्या घरी चुलीवरचे चहाचे आधण दुपारपर्यंत खाली उतरत नाही. घाटावरून मेहकर, लोणार, देऊळगाव राजाकडची आणि घाटाखालून नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोदकडची मंडळी येतात, सोबत मुलाचा एखादा मामा असतो, आणि मामाच्या खिशात एक छापील नमुना असतो, ज्यात केवळ नाव बदलून घेतले असता जिल्ह्यातील कोणत्याही उपवराचे लग्न ठरावे किंवा कोणाचेच ठरू नये, अशी सर्वसमावेशक भाषा असते.

हा लेखनप्रकार कठीण का आहे, हे समजण्यासाठी आमच्या खात्यातील पैसेवारीची पद्धत ठाऊक असणे उपयोगी पडते. पीक किती आले हे रुपयात किती पैसे अशा हिशेबाने ठरवावयाचे, आणि ते 50 पैशांच्या आत आले की दुष्काळी परिस्थिती समजून जमीन महसुलात सूट, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी वगैरे सवलती द्यावयाच्या, असा तो शिरस्ता. आमच्या अमरावती विभागात सप्टेंबरअखेर नजर अंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम अशा तीन पायऱ्यांनी ती जाहीर होते. आता योगायोग पाहा. जो शेतकरी ऑक्टोबरात तलाठ्यासमोर उभा राहून, सोयाबीनला शेंगच धरली नाही, तुरीचा पत्ता नाही, विहीर म्हणजे नुसता खड्डा, अशी जबानी देतो, तोच शेतकरी नोव्हेंबरात माझ्यासमोर बसून त्याच गटातील त्याच वावराचे वर्णन ‘बारमाही बागायती’ असे करतो. एकाच जमिनीची सरकारसाठी पैसेवारी 42 आणि सोयऱ्यांसाठी 142 ! त्यात तो मनुष्य लबाड आहे असे मी मानीत नाही. सवलत मागताना हात आखडावा आणि सोयरीक मागताना पसरावा, ही रीत त्याने आपल्या बापाकडून घेतली, बापाने आजाकडून घेतली. आणि निजामाच्या अमलापासून या वऱ्हाडात दरखास्त नावाची वस्तू अशाच दोन अंगांनी लिहिली जात आली असावी, अशी मला दाट शंका आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला, पण दरखास्तीची भाषा काही कोणी हवाली केली नाही.

परिचयपत्राचा साचा ठरलेला असतो. माथ्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’, त्याखाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी, रक्तगट, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय, मग वडील, आई, भाऊ, बहिणी, काका, आत्या, मामांची गावे, ‘इतर नातेसंबंध’ या सदराखाली आडनावांची एक लांबलचक फर्द, शेती, घर, अपेक्षा आणि भ्रमणध्वनी. नव्या शिकलेल्या मुलांना यातील आडनावांच्या फर्दीचे हसू येते. माझे मत उलट आहे. सबंध कागदावर पूर्णपणे खरा असा मजकूर तेवढाच असतो, कारण तो तपासता येतो. अमक्या गावचे अमके आमचे आत्येभाऊ लागतात असे लिहिले, की वाचणारा दुसऱ्या दिवशी त्या गावी आपल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो आणि दहा मिनिटांत मुलाच्या स्वभावापासून म्हशीच्या स्वभावापर्यंत सर्व माहिती काढून घेतो. म्हणून तेथे कोणी खोटे लिहीत नाही. जेथे फोन लावून शहानिशा करता येत नाही, तेथे विशेषणे सुरू होतात.

ती विशेषणेही पाचसातच आहेत. मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी, मनमिळाऊ, मुलगी सुशील, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, घराणे प्रतिष्ठित, आणि अपेक्षा काय, तर ‘अनुरूप’. या शब्दांत निंदेस जागा नाही ही त्यांची जमेची बाजू, आणि माणसासही जागा नाही ही खर्चाची. वधूवर परिचय मेळाव्यात याची प्रचिती फार मौजेची येते. मंडप भरलेला असतो, व्यासपीठावरून नंबर पुकारला जातो, आणि एरवी ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करून अर्ध्या शिवाराशी बोलणारा तरुण ध्वनिक्षेपकासमोर येताच, आपले नाव आपल्याला कोणी तरी नुकतेच सांगितले असावे अशा स्वरात ते उच्चारतो, शिक्षण सांगतो, गाव सांगतो, आणि निवेदकाने ‘अपेक्षा ?’ असे विचारताच ‘काहीच नाही’ असे म्हणून उतरू लागतो. खाली बसलेल्या मुलींपैकी एक आपल्या आईच्या कानात पुटपुटलेली मी ऐकली आहे : “याला काहीच नको, मग हा आला कशाला ?” प्रश्न रास्त होता. ज्याला काही नको त्याच्याशी संसार करणे, हे ज्याला सर्व काही हवे त्याच्याशी करण्याइतकेच अवघड.

गेल्या वर्षीचे एक प्रकरण तपशिलाने सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण मुलगा सज्जन आहे. मेहकरकडचा, कृषी पदवीधर, वय 29. मामाने आणलेला मजकूर असा होता : ‘उच्चविद्याविभूषित, देखणा, निर्व्यसनी, मनमिळाऊ. 18 एकर बागायती शेती. स्वतःचा व्यवसाय. चिखली शहरात प्लॉट. प्रतिष्ठित घराणे. अपेक्षा : सुंदर, उच्चशिक्षित, घरकामाची आवड असणारी, नोकरी असल्यास प्राधान्य.’ मी मामांना म्हटले, मजकूर छान आहे, आता सातबाऱ्याची नकल दाखवा. मामा किंचित दुखावले, “काका, आपण सोयरीक करतोय, का पंचनामा ?” असे म्हणाले, पण नकल त्यांच्या पिशवीत होती, वऱ्हाडातला मामा नकलेवाचून प्रवास करीत नाही.

नकलेवर क्षेत्र होते 7 हेक्टर 20 आर, म्हणजे एकराच्या हिशेबाने पावणेअठरा, सबब 18 हा आकडा खोटा नव्हता. परंतु खाते सामाईक होते : मुलाचे वडील आणि त्यांचे दोन भाऊ यांचे समान हिस्से, दोन्ही आत्यांनी हक्कसोड करून दिलेला. म्हणजे वडिलांच्या वाट्यास सुमारे 6 एकर. मुलास एक भाऊ व एक बहीण. 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. तेव्हा उद्या वडिलांच्या हिश्शाचे तिघांत वाटप झालेच तर मुलाच्या पदरी 2 एकरांच्या आसपास, आणि आजमितीस त्याच्या स्वतःच्या नावे एक गुंठाही नाही. आता ‘बागायती’ या शब्दाकडे वळू. विहीर एक, तिचे पाणी चांगल्या पावसाच्या वर्षी महाशिवरात्रीपर्यंत पुरते, ठिबक 2 एकरांस, उरलेल्या वावरात खरिपाचे सोयाबीन आणि तूर, मागाहून जमले तर हरभरा. व्यवसाय म्हणजे चुलतभावाच्या कृषी सेवा केंद्रात बसणे आणि नफ्यात चौथा हिस्सा. प्लॉटचा इसार तेवढा दिलेला, आणि तो अद्याप अकृषक झालेला नव्हता. राहता राहिला ‘देखणा’. तर मामांनी पुढे केलेल्या छायाचित्रात मुलाच्या मस्तकावर जे दाट पीक दिसत होते ते चार हंगामांपूर्वीचे होते, आणि मूळ मुलगा शेजारीच बसलेला असल्यामुळे चालू हंगामाची पैसेवारी मला नजरेनेच करता आली.

मामांचे म्हणणे मात्र अगदीच टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, “सगळेच वाढवून लिहितात. आपण खरं लिहिलं तर वाचणारा त्यातूनही निम्मं वजा करील, मग आपल्या पोराच्या हाती काय राहील ?” हा युक्तिवाद मी आमच्या कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यांच्या बाबतीत पुष्कळ वेळा ऐकला आहे, तेथे फक्त दिशा उलटी असते. आणि स्थळाचा दर्जा वाढवून घेण्याची परंपरा आमच्या जिल्ह्यास थोरामोठ्यांपासूनची आहे, हेही मला कबूल केले पाहिजे. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या वाड्यात रंगाच्या सणाला लहानग्या जिजाऊंना आणि शहाजींना शेजारी पाहून जाधवराव कौतुकाने जोडा शोभतो असे बोलून गेले, मालोजी भोसल्यांनी भर सभेत तो शब्द धरून ठेवला, आणि मग भोसल्यांची बरोबरी आपल्याशी नाही असे जाधवरावांकडील मंडळींच्या मनात आले, ही बखरीतली कथा सर्वांस ठाऊक आहे. पुढे निजामशाहीत मालोजींना मनसब मिळाली, पुणे-सुप्याची जहागीर आली, आणि मग लग्न झाले, असे ती कथा सांगते. कथेत इतिहास किती आणि रंग किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. माझ्या कामाचा मुद्दा तेवढाच, की मालोजींनी आधी मनसब मिळविली आणि मग ती सांगितली. आमचे मामा आधी सांगून ठेवीत होते.

तेव्हा मामांना मी सुपारी कातरावयास दिली आणि मुलाला बोलते केले. हा भाग घाईने उरकता येत नाही. ‘तुझा स्वभाव कसा ?’ असे विचारले की ‘शांत’ एवढेच उत्तर येते, म्हणून मी तो प्रश्न कधीच विचारीत नाही. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलेस, शेवटचे भांडण कोणाशी झाले, घरातले तुला कशावरून बोलतात, हे विचारतो. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत फलदायी, कारण माणसाचा खरा गुण घरच्यांच्या तक्रारीत सापडतो. या मुलास घरी काय बोलणी बसत होती ? शेतकरी सोयाबीनची पिवळी पडलेली पाने घेऊन दुकानी येतात, हा ती पाने उन्हात धरून उलटीसुलटी पाहतो, आणि पिवळा मोझॅक असेल तर सांगतो, की हा विषाणूचा रोग, पानावर मारून तो बरा करणारे औषध नाही. रोगट झाडे उपटून टाका, आणि तो पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीचा तेवढा बंदोबस्त करा. गिऱ्हाईक तीन बाटल्या घ्यावयास आलेले असते, एक घेऊन जाते. चुलतभाऊ संध्याकाळी गल्ल्याकडे पाहतो आणि मग याच्याकडे पाहतो. मुलगा हे सर्व खाली मान घालून, आपल्यातील एखादी उणीव कबूल करावी तसे सांगत होता. “अन् हे लिहायचं नाही म्हणता ?” असे मी मामांना विचारले. मामा म्हणाले, “हे काय लिहायचं ? यात धंद्याला बुडवण्याची लक्षणं आहेत.”

माझ्या मते परिचयपत्रातील सारी कला येथे आहे. ‘प्रामाणिक’ असे लिहिले की ती बढाई होते, आणि बढाई वाटू नये म्हणून वगळले की कागद कोरा राहतो. त्याऐवजी त्या गुणापायी मनुष्याने काय सोसले ते लिहावे. ‘गरज नसलेले औषध विकत नाही, त्यामुळे दुकानात बोलणी खातो’ या वाक्यात स्वतःची स्तुती कोठेच नाही. उलट तक्रारच आहे. पण मुलीचा बाप शेतकरी असेल तर त्या एका वाक्यावर तो आपली खुर्ची पुढे ओढून घेईल. हाच न्याय ‘मातृभक्त’, ‘कुटुंबवत्सल’ वगैरे शब्दांस लावावा. आईला महिन्यातून एका गुरुवारी शेगावला नेतो, दर्शनाच्या रांगेत आईचे गुडघे दुखतात म्हणून पहाटेच निघतो, आणि त्या दिवशी दुकान बुडते, असे लिहिले की वत्सलतेचा शब्द न काढताच वत्सलता पोचते, आणि वाचणाऱ्या मुलीस हेही उमगते, की महिन्यातला एक गुरुवार आपला नव्हे. तिला ते आधीच कळलेले बरे.

उणिवांचे कलम याहून नाजूक. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली ‘पोटखराब’ नावाचा एक रकाना असतो : नाला, खडक, पाऊलवाट, जेथे काही पिकत नाही असा तुकडा. शासन तो लपवू देत नाही, आणि लपवीत नाही म्हणूनच उरलेल्या क्षेत्रावर विश्वास बसतो. माणसाच्या कागदावरही एखादा आर पोटखराब दाखविलेला असावा असे माझे मत आहे, पण एखादाच. काही हळवी मुले या मुभेचा गैरफायदा घेऊन आपण आळशी आहोत, तापट आहोत, पूर्वी एकदा मन गुंतले होते, असे सबंध वावरच पोटखराबात काढतात. हा कबुलीजबाब झाला, आणि तो देवापुढे द्यावा. उणीव सांगावी ती रोजच्या सहवासात जिची गाठ पडणारच आहे ती, आणि तिची आपण काय व्यवस्था लावली आहे तेही सोबत सांगावे. आमचा मुलगा रागावला की बोलतच नाही. मी विचारले, किती वेळ ? तो म्हणाला, “सकाळपर्यंत. सकाळी चहा मीच करतो, मग बोलतो.” ‘मनमिळाऊ’ खोडून हेच लिहिले. मस्तकावरील विरळतेविषयी शब्द खर्च केला नाही. नवे छायाचित्र जोडले.

येथे ‘निर्व्यसनी’ या शब्दाची स्वतंत्र चौकशी करणे भाग आहे, कारण आमच्या मुलुखात त्याची व्याप्ती बरीच लवचीक आहे. एका स्थळाच्या वेळी मुलाचे वडील हा शब्द मला मोठ्या अभिमानाने लिहावयास सांगत होते, आणि सांगता सांगता डाव्या तळहातावर अंगठ्याने काही मळीत होते. मी मुलाविषयी विचारले, “अन् तंबाखू ?” ते खरोखरच आश्चर्यचकित झाले. “ते त रोजचंच हाय ना भाऊ, व्यसन कायचं त्यात ?” त्यांच्या लेखी जे कधीमधी होते ते व्यसन, आणि जे नित्य आहे तो आहार. तेव्हापासून मी हा शब्द वापरण्याचे सोडले आहे. ‘दारू नाही, तंबाखू नाही, पुडी नाही’ असे तिन्ही पदार्थ नावानिशी मुलाच्याच हातून लिहवितो. लिहिताना मुलाचा हात एखाद्या ठिकाणी थांबला तर ते ठिकाण आपोआप समजते.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर नोंद कशाला, लग्नानंतर सर्व जमून जाते. जमते खरे. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे 12 वे कलमही आहे, आणि 1976 च्या दुरुस्तीपासून त्यात असे आहे, की दुसऱ्या पक्षासंबंधीची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवणुकीने दडवून संमती मिळविली असेल तर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेता येतो. फसवणूक उघडकीस आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि उघडकीस आल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिल्यास ती वाट बंद होते. बारीकसारीक अतिशयोक्तीला हे कलम लागत नाही. उंची बुटांसह मोजली म्हणून कोणाचे लग्न मोडलेले ऐकिवात नाही. पण आधीचे लग्न, गंभीर आजार, नसलेली नोकरी या गोष्टी परिचयपत्रात दडविणारास मी हे कलम मोठ्याने वाचून दाखवितो. नोकरीच्या बाबतीत पुण्यातील मुलांची ‘पॅकेज’ नावाची वस्तू मला अद्याप नीट उमगलेली नाही. एवढे समजले आहे, की त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा असतो, उपदान असते, मिळेल न मिळेल असा बोनस असतो, आणि दरमहा खात्यात जे पडते ते या सर्वांनंतर उरलेले. ते उरलेले लिहावे. पॅकेज म्हणजे सामाईक खाते, हातात येतो तो हिस्सा.

मुलीच्या कागदात वेगळी अडचण असते : तो बापाने लिहिलेला असतो आणि मुलीने वाचलेलाही नसतो. घाटाखालच्या जळगाव जामोद तालुक्यातील एक परिचारिका स्वतःच आपला कागद घेऊन आली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला ‘गृहकृत्यदक्ष, स्वयंपाकाची विशेष आवड, वर्ण गोरा’ असे केलेले होते. ती म्हणाली, “काका, मी सावळी आहे, हे समोरच्याला दारातून आत येताच दिसणार आहे, मग कागदावर उगाच कशाला ?” वर्णाचा रकानाच काढून टाकला, रंगाची नोंद फक्त जनावरांच्या दाखल्यावर लागते. स्वयंपाकाविषयी तिने सांगितले, ते जसेच्या तसे उतरवून घेतले : ‘कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत चांगले जमते, पुरणपोळी फुटते, आवड म्हणाल तर झोपेची, कारण रात्रपाळी असते.’ नोकरीविषयी एकच वाक्य : ‘बदलीच्या गावी जावे लागेल, नोकरी सोडणार नाही.’ वडिलांची मात्र एक अट होती, की गाव गोड्या पाण्याचे असावे. बाहेरच्या माणसास ही अट विचित्र वाटेल; पण ज्याने पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जन्म काढला, जेथे बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि पिण्याचे पाणी लांबून आणावे लागते, तो बाप मुलीसाठी बंगला मागत नाही, पाणी मागतो. आजवर मी पाहिलेल्या ‘अपेक्षा’ या सदरातील सर्वांत खरी अपेक्षा तीच होती, आणि ती मी वडिलांच्याच नावे, वडिलांच्याच शब्दांत लिहिली.

अपेक्षांविषयी आणखी थोडे. शेतकऱ्यांच्या मुलांची लग्ने जमणे कठीण झाले आहे, हे आमच्याकडे उघड दुःख आहे, आणि मुलीकडच्यांना शेती हवी पण शेतकरी नको, ही थट्टा आता थट्टाही राहिलेली नाही. यावर मुलाकडचे दोन उपाय करतात : एक तर शेतीचा आकडा फुगवितात, नाही तर मुलाला पुण्यात दोन वर्षे कोणत्या तरी कंपनीत बसवून ‘नोकरी’ हा शब्द मिळवितात, आणि लग्नानंतर तो परत येतो. दोन्ही उपायांत फसलेली मुलगी आणि फसलेला मुलगा मी पाहिले आहेत. ज्याला शेतीच करावयाची आहे त्याने तसे पहिल्या चार ओळींतच लिहावे. विचारणा कमी येतील, हे खरे. पण ज्या येतील त्या वाचून आलेल्या असतील.

मेहकरच्या मुलाचा अंतिम मजकूर असा झाला : ‘वय 29, कृषी पदवीधर. उंची 5 फूट 5 इंच. चुलतभावासोबत कृषी सेवा केंद्र, नफ्यात चौथा हिस्सा. गरज नसलेले औषध विकत नाही, त्यामुळे दुकानात बोलणी खातो. वडिलांच्या हिश्शाची सुमारे 6 एकर शेती, सामाईक खाते. 2 एकरांस ठिबक, विहिरीचे पाणी महाशिवरात्रीपर्यंत. गावीच राहणार. आईवडील सोबत, महिन्यातून एक गुरुवार आईसाठी राखलेला. दारू, तंबाखू, पुडी नाही. रागावल्यास सकाळपर्यंत बोलत नाही, सकाळचा चहा स्वतः करतो. अपेक्षा : गावात राहण्याची तयारी असावी, शिक्षण अथवा नोकरी पुढे चालू ठेवायची असल्यास चिखली-मेहकर रोज जाणेयेणे शक्य. मुलीने स्वतः बोलावे.’ त्याखाली मामांच्या आग्रहास्तव आडनावांची फर्द सबंध दिली, कारण तो मजकूर मी आधीच प्रमाणित केलेला आहे. मामांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “काका, हे तर पोरगंच झालं, स्थळ कुठे आहे ?” मी म्हटले, लग्न पोराशीच लावायचे आहे.

पूर्वीच्या कागदावर महिन्याला पाचपंचवीस विचारणा येत आणि सातबाऱ्याचा विषय निघताच विरत. या कागदावर सबंध हंगामात चारच आल्या. त्यांतील एका मुलीच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की यंदा आमच्या सोयाबीनची पानेही पिवळी पडली होती, तर पुढच्या पेरणीला कोणता वाण घ्यावा. साखरपुडा झाला तेव्हा मामांनी सर्वांसमक्ष जाहीर केले, की हा मजकूर त्यांनीच सुचविला होता, आणि मी तकरार केली नाही.

या हंगामात ज्यांच्या घरी परिचयपत्र लिहावयाचे असेल त्यांनी खुशाल यावे. येताना सातबाऱ्याची ताजी नकल, चालू वर्षाचे छायाचित्र आणि ज्याचे लग्न आहे तो मुलगा किंवा ती मुलगी अवश्य आणावी. मामांना आणल्यास सुपारी त्यांची त्यांनी आणावी.